पॉझिटिव्ह पे करूनही बँक चेकचे डिटेल्स परत का विचारते?

प्रश्न: "६ लाख ४० हजारांचा चेक दिला, त्याच दिवशी अ‍ॅपवर पॉझिटिव्ह पे पण केलं. आज ब्रँचमधून फोन, म्हणे नाव, रक्कम, तारीख परत सांगा. आधीच दिलंय ना सगळं? हा फ्रॉड कॉल असेल का? आणि नाही सांगितलं तर चेक बाउन्स होणार का?"

मी बँकेत २४ वर्षं काढली, त्यातली निम्मीअधिक क्लिअरिंगमधे. म्हणजे तुम्हाला जो फोन आला तसे फोन करणाऱ्या खुर्चीवर मी बसलेलो आहे, आणि पलीकडून "अहो अ‍ॅपवर टाकलंय ना, बघा की" हे वाक्य किती वेळा ऐकलंय त्याचा हिशोब नाही. चिडणं बरोबर आहे, पण एक गैरसमज आहे तो आधी काढूया.

तुम्हाला वाटतंय एकच गोष्ट दोनदा विचारली. तसं नाहीये. पॉझिटिव्ह पे म्हणजे लिहिलेल्या चेकचे डिटेल्स बँकेला आधीच कळवून ठेवणं. ते करताना अ‍ॅपमधे तुम्ही सांगितलंत की "मी असा असा चेक लिहिलाय". फोनवाला विचारतोय की "आमच्यासमोर जो आलाय तो तोच आहे का". या दोन गोष्टी दहातल्या नऊ वेळा एकच निघतात, आणि ज्या एका वेळी निघत नाहीत त्या वेळेसाठी हा सगळा खटाटोप आहे.

आता हे का, ते समजायला एक गोष्ट माहीत हवी जी बँकेबाहेरच्या फार कमी लोकांना माहीत असते. तुमचा चेक तुमच्या बँकेत येतच नाही. पूर्वी यायचा, गठ्ठे यायचे, मी स्वतः मोजलेत. आता चेक ट्रंकेशन आहे, सीटीएस. तुम्ही ज्याला चेक दिला तो त्याच्या बँकेत भरतो, तिथे तो स्कॅन होतो, कागद तिथेच राहतो आणि आमच्याकडे, म्हणजे तुमच्या बँकेकडे, येतो फक्त फोटो. तोही रंगीत नाही, पुढच्या बाजूचा एक करडा, एक काळा-पांढरा आणि मागच्या बाजूचा एक काळा-पांढरा. सोबत चेकच्या तळाशी जी मॅग्नेटिक शाईची पट्टी असते, म्हणजे एमआयसीआर, त्यातले आकडे आणि रक्कम.

म्हणजे पैसे द्यायचे आमच्या बँकेने, तुमच्या खात्यातून, आणि कागद हातात धरून बघायची सोय मात्र आमच्याकडे नाही. कागद जाड आहे का, यूव्ही दिव्याखाली चमकायला हवं ते चमकतंय का, शाई पसरलीये का, कुठे खरवडलंय का, हे सगळं समोरच्या बँकेने बघायचं. ते बघतात, नाही असं नाही, पण तिथे तो चेक भरणारा त्यांचा कस्टमर असतो आणि तुम्हाला ते ओळखतही नाहीत. तुमची सही आमच्याकडे, तुमचा कागद त्यांच्याकडे. ही जी फट आहे ना मधली, ठगांनी नेमकी तिथेच बोटं घातली.

मी स्वतः या फटीत एकदा पडलोय म्हणून सांगतो. पॉझिटिव्ह पे यायच्या आधीची गोष्ट. एका कस्टमरचा चेक आला, रक्कम साडेचार लाखांच्या घरात, स्क्रीनवर बघितला, सही जुळली, अगदी बरोबर जुळली, बॅलन्स होता, चेक नंबर त्याच्याच चेकबुकातला, मी पास केला. दोन दिवसांनी माणूस ब्रँचमधे उभा, हातात पासबुक. त्याने तो चेक दिला होता खरा, सहीही त्याचीच, पण दिला होता काही हजारांचा आणि वेगळ्याच नावाने. मधे कोणीतरी नाव आणि रक्कम केमिकलने धुवून परत लिहिली होती. नंतर मूळ कागद समोरच्या बँकेतून मागवला तेव्हा तिथे बोट फिरवलं तर कागद खरखरीत लागत होता. फोटोत काय कळणार बोटाला. चौकशी झाली, माझा लेखी खुलासा झाला, ते राहू दे.

आणि याहून वाईट प्रकार म्हणजे क्लोन चेक. त्यात तुमचा मूळ चेक तुमच्या कपाटात, कोरा, चेकबुकाला चिकटलेला असतो, आणि त्याच नंबरचा दुसराच कागद छापून कोणीतरी भरतो. आमच्या सिस्टीमला तो नंबर बरोबरच दिसणार, कारण तो नंबर तुम्हाला खरंच दिलेला आहे आणि अजून वापरला गेलेला नाही. नंबर, खातं, एमआयसीआर यातलं काहीच हा चोर पकडून देत नाही. पकडून देऊ शकते फक्त एक गोष्ट: या नंबरचा चेक तुम्ही कोणाला, किती रकमेचा, कुठल्या तारखेचा लिहिला, किंवा मुळात लिहिलाच नाही. आणि ही गोष्ट जगात फक्त तुम्हाला माहीत असते.

म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२० च्या सप्टेंबरमधे सर्क्युलर काढलं आणि १ जानेवारी २०२१ पासून पॉझिटिव्ह पे सुरू झालं. ५० हजार आणि त्यावरच्या चेकसाठी ही सोय प्रत्येक बँकेने खातेदाराला द्यायचीच, वापरायची की नाही ते खातेदाराने ठरवायचं. ५ लाख आणि त्यावरच्या चेकला मात्र बँक हवं तर ते सक्तीचं करू शकते, आणि बऱ्याच बँकांनी केलंय. तुमचा चेक ६ लाख ४० हजारांचा म्हणजे तुम्ही या वरच्या गटात आहात. तुमच्या बँकेची नक्की मर्यादा काय ते ब्रँचला विचारा, कारण इथे बँकेबँकेत फरक आहे.

होतं काय, की तुम्ही अ‍ॅपवर, नेटबँकिंगवर, एसएमएसने किंवा ब्रँचमधे फॉर्म भरून चेक नंबर, तारीख, ज्याला दिला त्याचं नाव आणि रक्कम देता. ती माहिती बँक पुढे एनपीसीआयच्या, म्हणजे सीटीएस चालवणाऱ्या संस्थेच्या, सिस्टीमला पाठवते. तिकडे चेक भरला गेला की सीटीएसमधे दोन्हीची गाठ घातली जाते. जुळलं तर छान. नाही जुळलं तर खूण लागते आणि ती दोन्ही बँकांना दिसते, तुमच्याही आणि ज्याने भरला त्याच्याही. पुढे काय करायचं ते बँकेने ठरवायचं, आणि तिथेच बहुतेक वेळा फोन उचलला जातो.

आता न जुळण्याची कारणं. तुम्ही म्हणाल मी तर बरोबर टाकलं होतं. मीही आधी असंच समजायचो की लोक बरोबर टाकतात. मग रोज बघायला लागलो. एक केस जशीच्या तशी सांगतो, फक्त नावं बदलून.

एका गृहस्थांनी घराच्या कामाचा चेक दिला, ६ लाख ७५ हजार. चेकवर लिहिलं होतं काँट्रॅक्टरच्या फर्मचं नाव, "पाटील कन्स्ट्रक्शन" असं काहीतरी धरा. अ‍ॅपवर टाकताना त्यांच्या डोक्यात होता माणूस, म्हणून टाकलं "सुनील पाटील". चेकवर तारीख १५, कारण काँट्रॅक्टरला सांगितलं होतं १५ नंतर भर. अ‍ॅपमधे तारखेच्या रकान्यात मोबाईलने आपोआप आजची तारीख दाखवली, १२, त्यांनी तशीच राहू दिली. रक्कम बरोबर, चेक नंबर बरोबर. १६ ला चेक आला आणि दोन ठिकाणी लाल. आता तुम्ही माझ्या खुर्चीत बसून बघा. सही जुळतेय, रक्कम जुळतेय, पण नाव वेगळं आणि तारीख वेगळी. धुतलेला चेक असाच दिसतो, नाव बदललेलं! प्रामाणिक माणसाची धांदल आणि चोराचं काम, स्क्रीनवर दोन्ही सारखीच दिसतात.

फोन केला. आम्ही मुद्दाम "पाटील कन्स्ट्रक्शनला दिलाय ना?" असं विचारत नाही, कारण समोरचा घाईत "हो हो" म्हणतो. विचारायचं ते उघडं: हा चेक कोणाला दिला, केवढ्याचा, चेकवर तारीख काय. ते म्हणाले सुनील पाटलांना दिलाय. मी म्हटलं चेकवर काय लिहिलंय? "तेच ना." म्हटलं चेकबुकात उरलेलं अर्धुक आहे का, चेकचा फोटो आहे का? मग व्हॉट्सअ‍ॅपवर काँट्रॅक्टरला पाठवलेला फोटो त्यांना सापडला, आणि वाचून म्हणाले "अरे हो, फर्मच्या नावाने आहे, आणि तारीख १५ आहे". त्यांच्या रजिस्टर्ड ईमेलवरून दोन ओळी मागवल्या आणि चेक पास झाला. सगळं मिळून २० मिनिटं. पण फोन उचलला नसता तर मी तो परत पाठवला असता, आणि मला त्यात काही चुकलं असं वाटलं नसतं.

यातून एक पकडून ठेवा: अ‍ॅपमधे टाकायचं ते चेकवर जे *लिहिलंय* ते, तुमच्या मनात जे आहे ते नाही. आपल्याकडे यात अजून दोन गमती होतात. एक म्हणजे आडनाव आधी लिहायची सवय. चेकवर "कुलकर्णी मंदार दत्तात्रय" आणि अ‍ॅपमधे "मंदार कुलकर्णी". माणसाला कळतं, पण जिथे जुळणी अक्षरांवर होते तिथे ते दोन वेगळे लोक ठरू शकतात. दुसरं म्हणजे मराठीत लिहिलेला चेक. मराठीत चेक लिहिणं पूर्ण चालतं, कोणी नाही म्हणू शकत नाही. पण अ‍ॅपच्या रकान्यात नाव बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरांत टाकावं लागतं, मग "श्री" चं स्पेलिंग तुम्ही एक करता आणि पलीकडे टाइप करणारा दुसरं. अशा चेकला फोन यायची शक्यता जास्त असते, हे धरूनच चाला. मी हे मराठीत लिहू नका म्हणून सांगत नाहीये, माझे स्वतःचे चेक मराठीत असतात, फक्त फोन हाताशी ठेवतो.

रकमेची चूक कमी होते पण झाली की मोठी. ६,४०,००० च्या जागी ६४,००० किंवा ६,०४,०००. एक शून्य. हे इथे कोणी "समजून घेत" नाही, रक्कम जुळली नाही तर चेक जवळपास परतच जातो.

आणि आता तुमचा खरा मुद्दा: सगळं जुळलं असेल तरी फोन का? येऊ शकतो. पॉझिटिव्ह पे जुळलं म्हणजे चेक पास, असं नसतं. सही, बॅलन्स, तारीख, स्टॉप पेमेंट, हे सगळं नेहमीसारखं बघायचंच असतं. शिवाय मोठ्या चेकला खातेदाराला फोन करून खात्री करायची पद्धत पॉझिटिव्ह पेच्या आधीपासूनची आहे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ मधे बँकांना सांगितलं होतं की चेक क्लिअरिंगला आला की खातेदाराला एसएमएस पाठवा, साधारण २ लाखांवरचे चेक यूव्हीखाली बघा, ५ लाखांवरचे एकापेक्षा जास्त पातळीवर तपासा, आणि संशयास्पद किंवा मोठ्या चेकला खातेदाराला फोन करून कन्फर्म करा. ते अजून बऱ्याच ठिकाणी अंगवळणी आहे. काही बँकांनी पॉझिटिव्ह पे आल्यावर फोन कमी केले, काहींनी ठराविक रकमेच्या वर दोन्ही ठेवले.

बाकी काय बघून मी स्वतः फोन करायचो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. ज्या खात्यातून वर्षभर १०-१५ हजारांच्या वर चेक गेला नाही त्यातून एकदम ६ लाखांचा आला तर. चेकबुकातले मधले पाच-सहा चेक सोडून पुढचा नंबर आला तर. सही जुळतेय पण थोडी वेगळी, उतारवयात हात थरथरतो तशी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खात्याचा मोबाईल नंबर दोन-चार दिवसांपूर्वीच बदललाय आणि लगेच मोठ्या चेकची पॉझिटिव्ह पे एन्ट्री झालीये तर. कारण ती एन्ट्री तुम्ही केली हे कशावरून? ज्याच्या हातात तुमचा मोबाईल किंवा लॉगिन गेलं तोही खोट्या चेकची अगदी बरोबर एन्ट्री करू शकतो, आणि मग सिस्टीम हिरवं दाखवणार. अशा वेळी जुना नंबर असला तर आम्ही त्यावर फोन करायचो.

वेळेचंही सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं की बँक उगाच घाई करते. पूर्वी चेक बॅचमधे यायचे आणि परत करायचा की नाही हे ठरवायला दुसऱ्या दिवसापर्यंत वेळ मिळायचा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सलग येतात, स्कॅन झाला की लगेच पुढे, आणि आमच्या बँकेने त्याच दिवशी सेशन संपायच्या आत प्रत्येक चेकवर हो किंवा नाही कळवायचं. काहीच कळवलं नाही तर तो चेक मंजूर धरला जातो. हे शेवटचं वाक्य नीट वाचा, कारण तुमच्या फोनचं निम्मं कारण त्यात आहे. शंका असलेला चेक आम्ही तसाच ठेवून देऊ शकत नाही, ठेवला तर पैसे जाणार. म्हणजे तुम्ही संध्याकाळपर्यंत सापडला नाहीत तर आमच्याकडे "नाही" म्हणून परत पाठवणं हाच सुरक्षित रस्ता उरतो. दुपारी एकला मिस्ड कॉल आणि तुम्ही सातला बघितला, तर बहुधा ठरून गेलेलं असतं.

आता फ्रॉड कॉलची शंका. शंका घेतलीत ते उत्तम. मी सांगतो ते करा: फोनवर काही सांगू नका, "ठीक आहे, मी ब्रँचला फोन करतो" म्हणा आणि ठेवा. मग पासबुकावर किंवा बँकेच्या वेबसाइटवर आहे त्या नंबरवर, आलेल्या नंबरवर नाही, स्वतः फोन लावा आणि विचारा की माझ्या अमुक नंबरच्या चेकबद्दल फोन केला होता का. खरा बँकवाला यावर चिडत नाही. मला तर असे कस्टमर आवडायचे.

खऱ्या फोनमधे काय विचारतात ते मर्यादित आहे: चेक नंबर, कोणाला, किती, तारीख, कधी कशासाठी दिला. ओटीपी, पिन, कार्डचा नंबर, अ‍ॅपचा पासवर्ड, स्क्रीन शेअर करा, ही लिंक उघडा, यातलं काहीही आलं की फोन ठेवायचा. आणि इथे एक नवा पेच आहे तो बघा. ठगाकडे तुमच्या चेकची नक्कल आहे पण ती पॉझिटिव्ह पेशिवाय अडकणार, तेव्हा तो "तुमचा चेक अडकलाय, पॉझिटिव्ह पेचा ओटीपी सांगा" म्हणून फोन करू शकतो. तुम्ही ओटीपी दिलात की त्याच्या खोट्या चेकची एन्ट्री तुमच्याच हाताने झाली. तुम्ही कुठलाच मोठा चेक दिलेला नसताना असा फोन आला, किंवा "चेक क्लिअरिंगला आला" असा एसएमएस आला, तर आधी चेकबुक काढून बघा तो नंबर जागेवर आहे का, आणि ब्रँचला कळवून त्या नंबरला लगेच स्टॉप पेमेंट लावा. चेकबुक काढून बघणं याला दोन मिनिटं लागतात आणि क्लोन ओळखायचा याहून पक्का मार्ग मला माहीत नाही.

नाही सांगितलं तर बाउन्स होणार का? अवलंबून आहे. तुमची एन्ट्री पूर्ण जुळली असेल आणि फोन नुसता नेहमीचा असेल तर बऱ्याच बँका पास करतील. न जुळलेली असेल तर परत जायची शक्यता मोठी. आणि ज्या बँकेत ५ लाखांच्या वर सक्ती आहे तिथे एन्ट्रीच नसेल तर फोनही न करता परत करतात, हे लोकांना फार जड जातं. ५० हजार ते ५ लाखांमधे एन्ट्री नसली म्हणून चेक परत जात नाही सहसा, पण पुढे त्या चेकवरून वाद झाला तर क्लिअरिंगच्या वाद सोडवणाऱ्या व्यवस्थेत तोच चेक घेतला जातो ज्याचं पॉझिटिव्ह पे नियमाप्रमाणे झालेलं आहे. म्हणजे कटकट वाचवली तर ढालही गेली.

चेक ज्याला दिला तो तुमच्याच बँकेत खातेदार असेल तर चेक सीटीएसमधे जात नाही, बँकेच्या आतच वळता होतो. काउंटरवर रोख काढायच्या चेकचंही तसंच. तिथे बँक स्वतःची अशीच पद्धत लावू शकते, म्हणून "दुसऱ्या बँकेत नाहीये ना, मग पॉझिटिव्ह पे कशाला" असं गृहीत धरू नका, मोठी रक्कम असेल तर विचारून घ्या.

तुमच्या केसमधे आत्ता काय करायचं. अ‍ॅप उघडा, पॉझिटिव्ह पेमधे तुमच्या एन्ट्रीचं स्टेटस बघा, स्वीकारली गेलीये की अडकलीये. बऱ्याच लोकांची एन्ट्री शेवटच्या ओटीपीच्या स्क्रीनवर सोडून दिलेली असते आणि त्यांना वाटतं झालं. मग तुमच्याकडे असलेला चेकचा फोटो किंवा अर्धुक समोर ठेवून नाव, रक्कम, तारीख अक्षर अन् आकडा पडताळा. चूक सापडली तर बहुतेक बँकांत केलेली एन्ट्री अ‍ॅपवरून बदलता येत नाही, म्हणून परत परत टाकत बसू नका, सरळ होम ब्रँचला फोन करा आणि ते म्हणतील तसं रजिस्टर्ड ईमेलवरून किंवा सही करून लेखी द्या. जॉइंट खातं असेल आणि दोघांची सही लागत असेल तर दुसऱ्यालाही सांगून ठेवा, फोन कोणाला जाईल सांगता येत नाही. तुमचा नेहमीचा नंबर बँकेत अपडेट आहे का तेही याच फोनवर विचारून घ्या, कारण मी कितीतरी चेक नुसते "हा नंबर अस्तित्वात नाही" ऐकून परत पाठवलेत.

आणि समजा परत गेलाच, तर आधी रिटर्न मेमोवरचं कारण वाचा. पैसे कमी होते असं कारण असेल तर वेगळं, गंभीर प्रकरण. कन्फर्मेशन मिळालं नाही किंवा डिटेल्स जुळले नाहीत या अर्थाचं काही असेल तर चेकची तारीख तीन महिन्यांच्या आत असेपर्यंत तो पुन्हा भरता येतो. फक्त समोरच्याला तो भरायला सांगायच्या आधी एन्ट्री दुरुस्त झाल्याची ब्रँचकडून खात्री करून घ्या, आणि ज्या दिवशी तो भरणार आहे तो दिवस त्याच्याकडून कळवून घ्या, म्हणजे त्या दिवशी मीटिंगमधे फोन सायलेंट राहणार नाही. चेकवर खाडाखोड करून नाव सुधारून देऊ नका, सीटीएसमधे तारखेशी संबंधित दुरुस्ती सोडली तर खाडाखोड चालत नाही, तो लगेच परत येईल. नाव मुळातच चुकीचं लिहिलं गेलं असेल तर नवा चेक लिहा, जुना परत घेऊन रद्द करा, आणि नव्याची एन्ट्री चेक हातातून द्यायच्या आधी, समोर ठेवून करा.